जुनं घर, नवं नाव, वाढीव भार

वाईतल्या जुन्या पेठेतलं एक दुमजली घर माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी विकत घेतलं. खरेदीखत झालं, किल्ल्या हातात आल्या आणि विजेचं पहिलं बिल आलं ते विकणाऱ्याच्या आजोबांच्या नावाने. आजोबा जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली होती. बिलावर मंजूर भार होता १ किलोवॉट. घरात मात्र गीझर आणि एसी बसवायचा बेत होता. भावाने भार वाढवून मागणारा अर्ज लिहिला, खाली स्वतःची सही केली आणि काम तिथेच अडलं. वीजकंपनीच्या दफ्तरी तो त्या जोडणीचा ग्राहकच नव्हता.

नावबदल आणि भारवाढ एकाच पत्रात मागता येतात, पण त्यांचा क्रम उलटा चालत नाही. आधी जोडणी तुमच्या नावावर यायला हवी. नावाची कागदपत्रं कार्यालयातला बिलिंग विभाग तपासतो, तर भारवाढीसाठी अभियंता जागेवर येऊन पाहतो. म्हणून पत्रात दोन्ही मागण्या वेगळे क्रमांक देऊन लिहाव्यात.

नावबदलासाठी मालकीचा पुरावा लागतो. खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो तो उतारा, हा मुख्य आधार. त्याच्या जोडीला मिळकत पत्रिका किंवा घरपट्टीची ताजी पावती, ओळखपत्र आणि शेवटचं भरलेलं बिल जोडावं. विकणाराच बिलावरचा ग्राहक असेल तर त्याचं संमतीपत्र खरेदीच्या दिवशीच घेऊन ठेवावं. जुनी सुरक्षा ठेव तुमच्या नावे वर्ग करायला आपली हरकत नाही, हे वाक्य त्यात हवं. भावाच्या बाबतीत ग्राहक हयात नव्हता. त्यामुळे आजोबांचा मृत्यू दाखला, वारसांकडून विकणाऱ्याकडे मालकी कशी आली ते दाखवणारा उतारा आणि पुढे वाद निघाल्यास जबाबदारी आपली, असं मुद्रांक कागदावरचं हमीपत्र त्याला जोडावं लागलं.

जुन्या ठेवीवर फार भिस्त ठेवू नये. पूर्वी भरलेली रक्कम आजच्या मानाने अगदीच किरकोळ असते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेनुसार ठेव सरासरी बिलाच्या दुप्पट धरली जाते. वापर वाढला की पुढे फरकाची मागणी येते. ही रक्कम तुमच्या नावावर जमा राहते आणि तिच्यावर व्याजही मिळतं.

याहून मोठी जोखीम थकबाकीची. जुन्या वाड्यात एका छपराखाली तीन-चार मीटर असतात. एखाद्या भाडेकरूची जोडणी बिल न भरल्याने कायमची तोडलेली असते. मीटर काढून नेल्यावर भिंतीवर नुसती लाकडी पाटी उरते, पण त्या जागेवरची बाकी वीजकंपनीच्या खात्यात तशीच असते. केरळ राज्य वीज मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केलं की नियमांत तरतूद असेल तर आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते. म्हणून अशा रिकाम्या पाट्या मोजाव्यात, विकणाऱ्याकडून जुनी बिलं मागावीत आणि त्या पत्त्यावर बाकी नसल्याची खात्री खरेदीखतावर सही करण्याआधीच करून घ्यावी.

आता भाराकडे वळू. मंजूर भार म्हणजे कंपनीने तुमच्या घरासाठी धरलेली विजेची क्षमता. १ किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम साडेचार अँपिअर. एकटा २,००० वॉटचा गीझरच जवळपास नऊ अँपिअर ओढतो. मीटर, खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आणि फ्यूज हे सगळं जुन्या हिशेबाचं असेल, तर गीझर लावताच दिवे मंदावतात, फ्यूज वारंवार जातो, मीटरच्या जोडणीपाशी जळका वास येतो किंवा वायर काळी पडते. यातली शेवटची दोन लक्षणं दिसली तर मोठी उपकरणं त्याच दिवशी बंद करून कंपनीला कळवावं.

किती भार मागायचा ते अंदाजाने सांगू नये. भावाने घरातल्या उपकरणांची यादी केली. दहा एलईडी दिवे १०० वॉट, पाच पंखे ३७५, टीव्ही १००, फ्रीज २००, मिक्सर ५००, वॉशिंग मशीन ५००, इस्त्री १,०००, गीझर २,०००, दीड टनी एसी १,७०० आणि एक अश्वशक्तीचा पंप ७५०. बेरीज झाली ७,२२५ वॉट, म्हणून त्याने ७.५ किलोवॉट मागितले. एवढा भार साधारणपणे सिंगल फेजवर बसतो. त्यापुढे गेलं की थ्री फेजचा विचार करावा लागतो. घरगुती थ्री फेजचा दरमहा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा बराच जास्त असल्याने, गरज नसताना मोठा आकडा लिहिण्यात तोटाच आहे.

यादी हाताशी आली की पत्र सोपं होतं. त्याचं दुसरं पत्र असं होतं:

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
महावितरण, उपविभाग कार्यालय.

विषय : नावबदल व भारवाढीबाबत.
संदर्भ : ग्राहक क्रमांक ............, बिलिंग युनिट ...., मीटर क्रमांक ........

महोदय,
वरील जोडणी असलेले घर मी दिनांक ........ रोजीच्या नोंदणीकृत खरेदीखताने विकत घेतले आहे. मूळ ग्राहक हयात नाहीत. कृपया,
१. जोडणी माझ्या नावे करावी. मालकीचे पुरावे, मृत्यू दाखला व हमीपत्र सोबत जोडले आहे.
२. नावबदल झाल्यावर मंजूर भार १ किलोवॉटवरून ७.५ किलोवॉट, सिंगल फेज, करावा. उपकरणांची यादी व परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल सोबत आहे.
वापर केवळ घरगुती आहे. चालू बिल भरलेले आहे. स्थळपाहणीसाठी कृपया पुढील क्रमांकावर कळवावे : ............

आपला विश्वासू,
(सही, नाव, पत्ता)

ग्राहक क्रमांक बारा अंकी आणि बिलिंग युनिट चार अंकी असतं. दोन्ही बिलावरूनच उतरवून घ्यावीत. पत्रासोबत कंपनीचा छापील ए-वन अर्जही भरावा लागतो. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. स्थळपाहणीनंतर शुल्काचं कोटेशन मिळतं आणि ते भरल्यावर गरजेनुसार मीटर किंवा सर्व्हिस वायर बदलली जाते. काम रखडलं तर तक्रारीसाठी ग्राहक गाऱ्हाणी निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. दोन्हीकडे पहिला प्रश्न त्या आवक क्रमांकाचाच असतो.

चाचणी अहवाल मात्र नुसता कागद म्हणून घेऊ नये. कंपनीची जबाबदारी मीटरपर्यंत, त्यापुढची वायरिंग घरमालकाची. भावाच्या घरी ठेकेदाराने तपासणी केली तेव्हा माजघरातल्या वायरीचं वेष्टन हात लावताच सुटून आलं आणि अर्थिंगची तार जमिनीत पोचलेलीच नव्हती. भार मंजूर झाला असता तरी त्या वायरीने गीझर पेलला नसता. त्याने गीझर, एसी आणि पंपाला वेगळ्या जाड तांब्याच्या वायरी ओढल्या, नवं अर्थिंग केलं आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवला. अहवालावर सही झाली ती त्यानंतर.

कामं आटोपल्यावरचं बिल हाती आलं तेव्हा त्याने रकमेआधी तीन ओळी तपासल्या: ग्राहकाचं नाव, मंजूर भार आणि जमा सुरक्षा ठेव. तिन्ही बरोबर होत्या. त्या दिवशी त्याने गीझर पहिल्यांदा लावला.