यूट्यूबचे पैसे: बँकेत आले तेवढेच उत्पन्न नव्हे

अकोल्यात रोडग्यांचे किंवा अमरावतीत संत्राबागेचे व्हिडिओ नियमित टाकून जाहिरातीचे पैसे मिळत असतील, तर रक्कम छोटी असली तरी ते साधारणपणे धंद्याचं उत्पन्न ठरतं. नोकरदारांनी तर हे नक्की लक्षात ठेवावं: असं उत्पन्न असेल तर आयटीआर-१ चालत नाही.

खरी गफलत होते ती रकमेत. समजा, महिन्याची कमाई २०,००० रुपये, त्यातली २,००० अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे. गूगलला करविषयक माहिती नीट दिली असेल, तर त्या २,००० वर १५ टक्के, म्हणजे ३०० रुपये अमेरिकेचा कर कापला जातो. खात्यात १९,७०० येतात (बँकेने शुल्क लावलं तर आणखी कमी), पण उत्पन्न दाखवायचं २०,०००. कापलेल्या कराची सवलत वेगळी मागता येते, कागद असेल तरच.

म्हणून दर महिन्याला ॲडसेन्सचा पेमेंट अहवाल उतरवून ठेवा आणि बँकेकडून परदेशी रकमेची पावती मागून घ्या. माइक, ट्रायपॉडची बिलं स्वतःच्या नावावर हवीत. मोबाइल घरातही वापरता, तेव्हा रिचार्जचा कामापुरताच भाग खर्चात धरा. मार्चची कमाई एप्रिलमध्ये जमा होते. ती कोणत्या वर्षात धरायची हे सीएला विचारून दरवर्षी तीच पद्धत ठेवा.