‘तुमचा सगळा वेळ मित्रांतच जातो!’

हे वाक्य कानावर आलं की बहुतेक नवरे ठरलेली उत्तरं देतात. ‘मग काय घरात कोंडून घेऊ?’ नाहीतर ‘दिवसभर राबतो, घटकाभर बसलो तर बिघडलं कुठं?’ यात बायकोच्या बोलण्याला उत्तर नसतं, स्वतःचा बचाव असतो. जोडप्यांच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास केलेले अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन नातं पोखरणाऱ्या चार सवयींत हा बचाव धरतात. समोरच्याला त्यातून ‘चूक तुझीच’ एवढंच ऐकू येतं.

समजा, रिक्षा चालवणाऱ्याचं घर आहे. तो आठला येतो, जेवून नऊला कट्ट्यावर जातो, अकराला परततो. आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे दहा तास. ऐकायला फार वाटत नाहीत. पण नळाला पाणी पहाटे पाचला येतं, म्हणून बायको साडेदहाला आडवी होते. मुलं झोपवून, भांडी उरकून ती मोकळी होते साडेनऊला. दिवसातला तिचा तेवढा एकच तास, आणि नेमका तेव्हा हा कट्ट्यावर! तक्रार दहा तासांची नसतेच, या एका तासाची असते.

ते कळायला विचारावं लागतं, ‘तुला मी कोणत्या वेळी घरी हवा असतो?’ मग ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगावं, ‘म्हणजे कामं उरकल्यावर दोन शब्द बोलायला कुणी नसतं, असंच ना?’ तिचा ‘हो’ आल्यावरच आपली बाजू मांडावी. ‘इंजिनच्या कामाला याच दोस्तांनी उसने पैसे दिले. त्यांच्यात बसलो की डोकं हलकं होतं.’ इथे ‘तुझं खरं आहे, पण’ टाळावं. ‘पण’ आला की आधीचं सगळं पुसलं जातं. ‘तुझं खरं आहे आणि मलाही दोस्त हवेत’ हे दोन्ही एकत्र उभं राहू शकतं.

‘उद्यापासून लवकर येईन’ हा शब्द टिकत नाही. वार ठरवावेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार कट्टा. बाकी रात्री घरी, मोबाईल बाजूला. रविवारी संध्याकाळी मुलं त्याच्याकडे, कारण बायकोलाही मैत्रिणी असतात आणि मुलं सांभाळायला कुणी नाही म्हणून तिचं जाणं सुटलेलं असतं. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलून वार बदलावेत.

कट्ट्यावर रोज दारू होत असेल, तर वार बदलून भागणार नाही. तिथे प्रश्न दारूचा आहे. आणि जोडीदार एकही मित्र-मैत्रीण नको म्हणत असेल, फोन तपासत असेल, बाहेर गेल्यावर मारत असेल, तर ती वेळेची तक्रार नव्हे, धाक आहे. तिथे समजुतीचे शब्द शोधत बसू नये. बायांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक रात्रीही चालू असतो.