घरचा कारखाना की बाहेरची नोकरी?

कामगार संघटनेच्या माणसाने मालकाच्या मुलांना सल्ला द्यावा हे काहींना विचित्र वाटेल. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात आमची तीस वर्षे गेली, आणि ह्या भागातले छोटे मालक आणि कामगार ह्यांच्यात फार मोठी भिंत कधीच नव्हती. काल लेथवर उभा असलेला माणूस आज दोन लेथ घेऊन शेड टाकतो. त्याचा मुलगा डिप्लोमा करून पुण्याकडे जातो आणि चार-पाच वर्षांनी वडील म्हणतात, आता घरी ये. अशी मुले संध्याकाळी आमच्या कचेरीत येतात. कारण एवढेच की पगाराचा हिशेब मांडणे हे आमचे रोजचे काम आहे.

गेल्या दोन वर्षांत आलेल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. त्याचे वडील आणि काका ह्यांचा भागीदारीत मशीनशॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येते, ते ह्यांच्याकडे घासून, भोके पाडून, मापात आणून पुढे जाते. चौदा कामगार, चार जुने लेथ आणि कर्जावर घेतलेले दोन व्हीएमसी. मुलगा चाकणच्या एका कंपनीत कायम नोकरीत होता. वडिलांचे म्हणणे, "घरचा धंदा असताना दुसऱ्याची चाकरी कशाला? सगळे तुझेच आहे." मुलाने आम्हांला विचारले, "काका, सगळे माझेच म्हणजे नक्की किती?"

आम्ही म्हटले, आधी पगार मांड. चाकणला त्याच्या हातात महिना ३२,००० रुपये पडत. मूळ वेतन २०,००० होते, त्यावर भविष्यनिर्वाह निधीचे त्याचे २,४०० आणि कंपनीचे २,४०० असे ४,८०० दरमहा त्याच्या नावाने जमत (कंपनीच्या भागातले काही निवृत्तिवेतनाच्या खात्यात जातात, पण तेही त्याच्याच नावाने). खोली, खानावळ आणि जाण्यायेण्याला १४,००० जात. म्हणजे गाठीला १८,००० आणि निधीत ४,८०० राहत. घरी वडील महिन्याला १२,००० हातखर्ची देणार होते. राहणे-जेवणे घरचेच, त्याची किंमत आम्ही ७,००० धरली. एकूण १९,०००.

इथे बहुतेक लोक ३२,००० आणि १९,००० ह्यांची तुलना करून थांबतात. ती चूक आहे, कारण घरी राहून खर्च वाचतो हे वडीलही सांगतात आणि ते खरे आहे. विचारायचा प्रश्न निराळा आहे : हेच काम करायला बाहेरचा माणूस ठेवला तर वडिलांना त्याला काय द्यावे लागेल? व्हीएमसीचा प्रोग्राम करणे, पहिला नग मोजून पास करणे, गिऱ्हाइकाच्या तपासनिसाला तोंड देणे, ह्या कामाला त्या भागात ३०,००० च्या खाली माणूस मिळत नव्हता. मुलाला १९,००० पडणार. उरलेले ११,००० रुपये तो दरमहा कारखान्यात सोडणार. वर्षाला १,३२,०००. दहा वर्षांत, व्याज न धरता, १३,२०,०००.

हे पैसे बुडाले असे आम्ही म्हणत नाही. ते भांडवल आहे. मुलगा आपल्या श्रमाने कारखान्याला कर्ज देत आहे, किंवा हिस्सा विकत घेत आहे. कोणते, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. आणि न लिहिल्याने काय होते ते पाहा. वडिलांचा हिस्सा त्यांनी स्वतः कमावलेला आहे. त्यांनी मृत्युपत्र केले नाही तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तो पत्नी, मुलगे आणि मुली ह्यांत सारखा वाटला जातो. ह्या मुलाला आई आहे, एक बहीण आहे. म्हणजे त्याने दहा वर्षे राबून जे वाढवले त्याचाही एकतृतीयांशच त्याच्याकडे येणार. बहिणीने हक्क मागितला की मग घरोघरी तिला नावे ठेवतात. बहिणीचा दोष काडीचा नाही. भावाची मजुरी वेगळी आणि बापाची मालमत्ता वेगळी, असा हिशेब वेळीच ठेवला असता तर दोघांनाही आपापले मिळाले असते. (हा प्रश्न घेऊन आमच्याकडे मुलगी क्वचितच येते. वस्तुतः एका कारखान्यात मालकाची मुलगी सहा वर्षे वह्या आणि जीएसटीचे सगळे काम बघत होती, आणि तिला हातखर्चीसुद्धा नव्हती. तिच्याबाबतीत बाहेरच्या माणसाच्या पगाराचा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नाही.)

पगाराच्या बाजूला आणखी एक गोष्ट निघाली. मुलाच्या नोकरीला चार वर्षे तीन महिने झाले होते. कायम नोकरीत उपदान, ज्याला सगळे ग्रॅच्युइटी म्हणतात, ते पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते : दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून. त्याचा आकडा सुमारे ५७,७०० रुपये येत होता. नऊ महिने आधी उठून आला असता तर हे सोडावे लागले असते. मुदतबंद नेमणुकीवर असलेल्यांना २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने एका वर्षाने हा हक्क दिला आहे, पण हा मुलगा कायम होता. तेव्हा घरी जायचे असले तरी कधी जायचे, हा स्वतंत्र प्रश्न असतो.

अधिकाराच्या बाबतीत आमचा अनुभव जरा कडू आहे. एका कारखान्यात पगारवाढीच्या बोलणीला मालकांनी आपल्या मुलाला बसवले होते. मुलगा समंजस. दोन तास आकडे पाहिले आणि महिना ४०० रुपये वाढ त्याने कबूल केली. आम्ही हात मिळवले, चहा झाला. संध्याकाळी वडील म्हणाले, "तो बोलला असेल, मी नाही बोललो." त्या दिवसानंतर त्या मुलाला कामगार सुटी मागायलासुद्धा विचारीनात. दारावर त्याच्या नावापुढे संचालक लिहिलेले होते.

म्हणून पाटीवरच्या हुद्द्याला आम्ही किंमत देत नाही. आम्ही त्या मुलाला तीनच गोष्टी विचारायला सांगितल्या. वडिलांना न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करता येईल? गिऱ्हाइकाला भाव कोण देणार? आणि परवडत नाही म्हणून काम परत पाठवण्याचा अधिकार कुणाला? बाहेरच्या नोकरीत अधिकार लहान असतो पण त्याची कड ठरलेली असते : ह्या पाळीत खराब नग अडवणे तुझ्या हातात, पुढचे साहेबांच्या. घरी सगळे आपलेच असते, म्हणून नेमके काहीच आपल्या हातात नसते. ह्याची खूण ओळखणे सोपे आहे. मशीन बंद पडले की कामगार कुणाकडे पाहतो ते बघावे.

शिकण्याबद्दल थोडक्यात सांगतो. मोठ्या कंपनीत माणूस शिस्त शिकतो : ड्रॉइंग, मापे, नोंदी, चूक का झाली ह्याचा शोध. छोट्या कारखान्यात तो धंदा शिकतो : कास्टिंगचा भाव, थकलेली बिले, एका मशीनचा एक तास कितीला पडतो. दोन्ही शिक्षणे लागतात, आणि क्रम आमच्या मते बाहेर आधी, घर मागून असाच असावा, कारण घरून निघालेल्या मुलाला बाहेरचा मालक फारसा शिकवीत नाही. पण घरचे शिक्षण एका अटीवर मिळते. खातेवही उघडून दाखवली पाहिजे. उत्पादन बघ, पैशाचे आम्ही बघतो, असे जिथे म्हणतात तिथे मुलगा विनापगारी सुपरवायझर होतो, धंदेवाला होत नाही. उलट, चाकणच्या नोकरीत तिसऱ्या वर्षानंतर तोच नग, तेच मशीन चालले होते, हेही त्याने कबूल केले. ह्या एका बाबतीत घरचे पारडे जड होते.

आता बाहेर पडण्याची वाट. सगळ्यांत कमी विचार हिचाच होतो, म्हणून आम्ही हिच्यापाशी जास्त वेळ थांबतो. आम्ही स्वतः सोळाव्या वर्षापासून सहा वर्षे एका नातलगाच्या फौंड्रीत मोल्डिंगचे काम केले. जेवण मिळाले, सायकल मिळाली. निघालो तेव्हा सहा वर्षे काम केल्याचा एक चिटोराही हाती नव्हता, आणि पुढच्या कारखान्यात आम्ही नवशिके म्हणून लागलो.

नोकरी सोडताना नोटीस द्यायची, दाखला घ्यायचा, निधीचे खाते त्याच क्रमांकाने पुढे न्यायचे. भागीदारीतून निघणे असे नाही. १९३२ चा भागीदारी कायदा सांगतो की करार नसेल तर भागीदाराला काम केल्याबद्दल मेहनताना मागता येत नाही. तो भागीदार असताना झालेल्या देण्याला प्रत्येक भागीदार एकटाही पुरा जबाबदार असतो. आणि निघाल्याची जाहीर सूचना दिली नाही, म्हणजे नोंदलेल्या पेढीच्या बाबतीत निबंधकाकडे, राजपत्रात आणि जिल्ह्यातल्या देशी भाषेच्या वर्तमानपत्रात, तर नंतरची देणीही अंगावर येऊ शकतात. एक गोष्ट कायदा नव्या भागीदाराच्या बाजूची करतो : तो येण्यापूर्वीचे देणे त्याच्यावर येत नाही.

पण हे संरक्षण एका सहीने जाते. बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा दरवर्षी नवी होते, आणि मुलगा घरी आला की व्यवस्थापक म्हणतो, "ह्यांचीही सही घ्या." तो कागद जामीनकीचा असतो. १८७२ च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कारखाना विकून बघावा, मग माझ्याकडे यावे, असे त्याला म्हणता येत नाही. उद्या तो भांडून परत चाकणला गेला तरी ती सही कारखान्यातच राहते, आणि कर्ज थकले तर त्याला घरासाठी कर्ज मिळायची पंचाईत. ह्या कारखान्याची मर्यादा ४० लाखांची होती. हिस्सा शून्य, पगार १२,००० आणि जबाबदारी ४० लाख, असा तो सौदा होता. वडिलांच्या मनात कपट मुळीच नव्हते. त्यांनी स्वतः अशीच सही केली होती.

मुलाने एका कागदावर लिहून नेले. नऊ महिने नोकरी पुरी करतो. मग ३०,००० पगार बँकेतून, त्यातले ७,००० आईकडे घरखर्चाला. २५,००० पर्यंतचा खर्च आणि दोन गिऱ्हाइकांचे भाव माझ्याकडे. खातेवही दर महिन्याला बघणार. तीन वर्षांनी भागीदारीपत्र, आणि ते होईपर्यंत जामीनकी नाही.

वडील चिडले. "बापाकडे कागद मागतोस?" म्हणाले, आणि आठ दिवस बोलले नाहीत. गंमत अशी की काकांनी कागद वाचून ठेवून घेतला. त्यांचे दोन मुलगे अजून शिकत होते, आणि आज जे पुतण्याला लागू होईल तेच उद्या त्यांना मागता येणार होते. शेवटी पगार २६,००० वर ठरला, बाकीचे मान्य झाले, आणि मुलगा पाच वर्षे पुरी करून घरी आला.

परवा तो पुन्हा कचेरीत आला होता. मर्यादा नवी करायची वेळ आली होती, आणि बँकेच्या फॉर्मवर त्याच्या सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केलेली होती. वडील काही बोलले नव्हते, फक्त फॉर्म त्याच्या टेबलावर ठेवून गेले होते. भागीदारीपत्राला अजून दोन वर्षे आहेत. आम्ही त्याला म्हटले, फॉर्म घेऊन आधी काकांकडे जा आणि पत्र आजच करायला तयार आहेत का ते विचार. तो फॉर्म घडी करून खिशात घालून गेला आहे.