परदेशातलं मृत्युपत्र, गावाकडची जमीन

आपल्या गटांतल्या कितीतरी जणींची लेक, बहीण, नणंद आज परदेशात नोकरीला आहे. तिथे राहून तिने गावच्या घरा-जमिनीचं मृत्युपत्र केलं, तर ते इथे चालतं का? चालतं. पण जमीन भारतात असेल तर कायदा भारताचा लागतो, आणि बहुतेक वेळा गाडी अडते ती साक्षीदारांपाशी.

समजा, मस्कतला नर्स असलेल्या एका ताईने स्वकमाईतून माहेरच्या गावी दहा गुंठे जमीन घेतली आहे. ताई विधवा, मूलबाळ नाही. जमीन धाकट्या बहिणीला मिळावी ही तिची इच्छा. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने अशा बाईची स्वकष्टाची जमीन आधी नवऱ्याच्या वारसांकडे, म्हणजे दीर-पुतण्यांकडे जाते. बहिणीचा नंबर फार मागे लागतो.

म्हणून ताईने मृत्युपत्र लिहिलं, सही केली आणि कुरिअरने गावी पाठवलं. बहिणीने शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या. इथेच ते कच्चं राहिलं. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. त्यांनी ताईला सही करताना पाहिलेलं हवं, किंवा ‘ही सही माझीच’ असं ताईने स्वतः त्यांना सांगितलेलं हवं. शिवाय प्रत्येकाने आपली सही ताईच्या समोर करायला हवी. दोघं एकाच वेळी हजर नसले तरी चालतं, पण ताई मात्र दोन्ही वेळा समोर हवी.

मग ताईने काय करावं? मस्कतमधल्याच दोन ओळखीच्यांना समोर बसवून सह्या घ्याव्यात. किंवा सुट्टीत गावी आल्यावर तोच कागद दोघांपुढे ठेवून सही आपलीच असल्याचं सांगावं आणि त्यांच्या सह्या तिथेच घ्याव्यात. नुसत्या नोटरीच्या शिक्क्याने दोन साक्षीदारांची गरज भागत नाही. काही देशांत स्वहस्ते लिहिलेलं मृत्युपत्र साक्षीदारांशिवाय चालतं, पण आपल्या जमिनीसाठी तेवढ्यावर भागत नाही.

बहिणीला साक्षीदार करू नये, कारण लाभ तिलाच आहे. वाद कोर्टात गेला तर हयात साक्षीदारांपैकी एकाला तरी जबाब द्यावा लागतो. म्हणून ताईपेक्षा वयाने लहान आणि पुढे सापडतील अशी माणसं निवडावीत, त्यांचे पत्ते लिहावेत. स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही.

एक धोका राहतो. ताईने पुढे तिथल्या बँकेतल्या पैशांसाठी दुसरं मृत्युपत्र केलं आणि त्यात ‘आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ असं वाक्य आलं, तर जमिनीचंही रद्द होऊ शकतं. त्यात ‘भारतातल्या मालमत्तेचं मृत्युपत्र कायम’ असं लिहून घ्यावं.

मुस्लिम मैत्रिणींना मात्र मृत्युपत्राचे नियम वेगळे आहेत, ते त्यांनी वकिलाला विचारावेत.

बाकीच्यांनी घरी मृत्युपत्र असेल तर आज काढून पाहा: साक्षीदारांनी सह्या कुणासमोर केल्या?