ताबापावतीवर स्वाक्षरी करण्यापूर्वी

नव्या सदनिकेची किल्ली हाती येताच ताबापावतीवर स्वाक्षरी करण्याची घाई होते. तथापि दारे, कुलपे, नळ व बटणे यांतील दोष बहुधा वापरानेच उघड होतात.

प्रत्येक दार अर्धे उघडून सोडावे. ते आपोआप फिरल्यास चौकट वा बिजागऱ्या ओळंब्यात नाहीत असे समजावे. कुलूप दार उघडे असताना व लावल्यावर, असे दोनदा फिरवावे. पहिल्या वेळी सहज फिरलेली किल्ली दुसऱ्या वेळी अडल्यास दोष बहुधा कुलपात नसून चौकटीवरील खाचेत असतो. कुलूप बदलून तो जात नाही.

नळ पाच मिनिटे पूर्ण सोडून बंद करावेत व बेसिनखालील सांध्यांखाली कोरडा कागद अर्धा तास ठेवावा. बारीक गळतीही त्यावर उमटते.

विजेचे प्रत्येक बटण लावून पाहावे. फलकावरील गळतीरोधक स्विचचे चाचणीबटण दाबताच पुरवठा खंडित झाला पाहिजे. मात्र यावरून अर्थिंगची खात्री होत नाही. ती परवानाधारक तारतंत्र्याकडून करून घ्यावी.

आढळलेले दोष ‘मागील खोली, दार, किल्ली अडते’ असे खोलीवार लिहून विकासकाची पोच घ्यावी. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार ताब्यापासून ५ वर्षांत कळविलेला बांधकामातील दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. त्या वेळी ही नोंदच पुराव्यास उपयोगी पडते.