दोन शिष्यवृत्त्या मिळाल्या, तर दोन्ही घेता येतात का?

तांबोळी, बागवान, मोमीन अशा ओबीसी घरांतल्या मुलांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्या नियमानुसार, ती चालू असताना दुसरी शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन घेता येत नाही.

समजा, कॅम्पातल्या एका मुलाला सरकारकडून वर्षाला १२,००० रुपये मंजूर झाले. नंतर एका ट्रस्टने २०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. जी फायद्याची, ती त्याने निवडायची. मात्र निवड मनात ठेवून चालत नाही. प्राचार्यांमार्फत मंजुरी देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवावी लागते. ट्रस्टची रक्कम स्वीकारली, त्या तारखेपासून सरकारी शिष्यवृत्ती बंद होते. म्हणून अर्जात ती तारीख नीट लिहा आणि पोचची सही घेतलेली प्रत घरी जपून ठेवा.

पण ट्रस्टने पुस्तकांसाठी एकदाच मदत दिली, तर ती चालते. म्हणून मंजुरीपत्रात ‘शिष्यवृत्ती’ लिहिलंय की ‘पुस्तकांसाठी मदत’, ते आधी बघा.

खोटी माहिती देऊन पैसे घेतल्याचं उघड झालं, तर शिष्यवृत्ती रद्द होते आणि रक्कम वसूल केली जाते. पुढच्या योजनांचा दरवाजाही बंद होऊ शकतो. तेव्हा आम्ही सांगतो, पैसे खात्यात पडायच्या आधीच कळवा.