थियाची कुऱ्हाड

बर्फाचं दृश्य मागितलं की थियाच्या खांद्यांवर फर येते. खानावळीत बसवली की हातात फेसाळता मग येतो. लढाईत उभी केली की न मागता छातीवर पोलादी चिलखत चढतं, मिटलेले ओठ उघडून ती ओरडायला लागते आणि कमरेची साधी कुऱ्हाड दोन पात्यांचा परशू होऊन बसते. तिन्ही चित्रं छान असतात, पण त्यांत तीन वेगळ्या बायका दिसतात.

थिया हे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधलं एक पात्र. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 मध्ये हा खेळ आणला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत डीएम. तो गोष्ट सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करायचं ते ठरवतात, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. एकच गोष्ट, म्हणजे कॅम्पेन, महिनोन्‌महिने चालते. एवढा काळ ज्या पात्राच्या कातडीत शिरायचं ते डोळ्यांना दिसावं, असं खेळाडूला वाटणारच. पूर्वी कोणी चित्रकाराकडून एक चित्र काढून घ्यायचं, कोणी स्वतःच वहीत गिरगटायचं. आता मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन यांसारख्या साधनांना शब्दांत वर्णन द्यायचं, म्हणजे प्रॉम्प्ट लिहायचा, की चित्र मिळतं. पहिलं चित्र सहज मिळतं. अडतं ते दुसऱ्यापासून, कारण दुसऱ्या दृश्यातही तेच कपडे, तेच शस्त्र आणि चेहऱ्यावर तोच भाव हवा असतो.

असं का होतं? निव्वळ शब्दांवर चाललेल्या या साधनाला कालची थिया आठवत नाही. ते दर वेळी रंगीत ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतं आणि प्रॉम्प्टमधल्या शब्दांच्या ओढीने तो गोंधळ पायरीपायरीने निवळत नेतं. ही ओढ साऱ्या चित्रावर एकत्र काम करते. ‘बर्फ’ हा शब्द आपण पार्श्वभूमीसाठी लिहिलेला असतो, पण ज्या असंख्य चित्रांवर हे साधन शिकलं त्यांत बर्फातली माणसं बहुधा फर पांघरलेली होती. त्यामुळे बर्फ एकटा येत नाही, आपला पोशाख घेऊन येतो.

म्हणून सरावलेले खेळाडू प्रॉम्प्टचे दोन भाग करतात. पहिला पात्राचा. तो एकदा लिहायचा आणि नंतर अक्षरही न बदलता प्रत्येक दृश्यात तसाच चिकटवायचा. थियाचा असा:

```
half-elf woman, about 40, lean face, short black hair with a grey streak, scar through left eyebrow, moss-green wool cloak with brass leaf clasp, brown leather jerkin, single-edged hand axe hanging at right hip, lips closed, one eyebrow slightly raised, eyes on the viewer
```

चाळिशीची अर्धी-एल्फ बाई, काळ्या आखूड केसांत एक पांढरी बट, डाव्या भुवईतून गेलेला व्रण, शेवाळी रंगाचा लोकरी झगा, त्याला पितळी पानाचं बक्कल, आत तपकिरी कातडी बंडी, उजव्या कमरेला एका पात्याची कुऱ्हाड, मिटलेले ओठ, किंचित उंचावलेली एक भुवई, नजर बघणाऱ्यावर. एवढंच. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्या एका दमात साधारण 75 शब्दखंड वाचतात, आणि त्यांत स्वल्पविरामही मोजले जातात. वरच्या मजकुरात साठेक खंड खर्च झाले, म्हणजे दृश्यासाठी डझनभर उरले. थियाचं बालपण, तिचा सूड, तिची देवावरची श्रद्धा यांना इथे जागा नाही. डोळ्यांना दिसत नाही ते लिहून उपयोग नसतो.

दुसरा भाग दृश्याचा: जागा, उजेड आणि चौकट.

```
snowy mountain pass, pale light, mid-thigh up
```

चौकट मांडीपर्यंत घेतली आहे, ती मुद्दाम. बहुतेक जण सवयीने कमरेपर्यंतचं चित्र मागतात. मग कुऱ्हाड लटकायची जागाच चित्राबाहेर जाते. पण ‘कुऱ्हाड’ हा शब्द तर प्रॉम्प्टमध्ये आहे, त्यामुळे ती कुठूनतरी आत घुसते: कधी हातात, कधी पाठीवर, कधी खांद्याच्या मागून नुसतं पातं डोकावतं. शस्त्र दर चित्रात जागा बदलत असेल, तर प्रॉम्प्टमधल्या शस्त्राच्या वर्णनाआधी चौकट तपासावी.

आता त्या फरकडे वळू. पहिला उपाय सगळ्यांनाच सुचतो: ‘फर नको’ असं लिहायचं. त्याने बहुधा फर वाढतेच. शब्दांचं चित्रात रूपांतर करणाऱ्या अनेक साधनांना नकार नीट कळत नाही, त्यांना फक्त ‘फर’ ऐकू येते. नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी सोय असते, ती वापरावी. स्टेबल डिफ्यूजनमध्ये निगेटिव्ह प्रॉम्प्टचा स्वतंत्र रकाना आहे, मिडजर्नीत शेवटी `--no fur` लिहितात.

पण त्याहून भरवशाचा उपाय वेगळा आहे. थियाच्या वर्णनात गळा आणि खांदे यांबद्दल आपण काहीच म्हटलेलं नाही. हातांबद्दलही नाही. जी जागा आपण मोकळी सोडतो ती दृश्य आपल्या मर्जीने भरतं: बर्फ गळ्यात फर घालतो, खानावळ रिकाम्या हातात मग देते, लढाई छाती झाकते. म्हणून झग्याच्या वर्णनात `plain wool collar` घालायचं, म्हणजे साधी लोकरी कॉलर. खानावळीच्या दृश्यात हातांना काम द्यायचं: `thumbs hooked in belt`, अंगठे पट्ट्यात अडकवलेले. पितळी बक्कल, बंडी आणि कॉलर मिळून छातीवर फारशी मोकळी जागा राहत नाही, त्यामुळे चिलखतही कमी चढतं. पूर्ण थांबतं असं नाही. शब्दखंड वाढले की तेवढेच दुसरीकडून काढावे लागतात. मी `lean face` काढीन, कारण चेहरेपट्टी शब्दांनी धरून ठेवता येत नाहीच.

शस्त्र हा सगळ्यांत चिवट भाग. `battle axe` म्हटलं की कल्पनारम्य चित्रांच्या सवयीने दोन पाती येतात, म्हणून `single-edged hand axe`. खालच्या बाजूला लांब पातं असलेल्या कुऱ्हाडीला इंग्रजीत `bearded axe` म्हणतात. जाणकार खेळाडू हौसेने तो शब्द वापरतो आणि दाढी कधीकधी कुऱ्हाडीऐवजी पात्राच्या हनुवटीवर उगवते. विशेषण एका नामाचं आणि चिकटतं दुसऱ्याला, हा या साधनांचा जुना दोष आहे. रंगांच्या बाबतीतही तो दिसतो: हिरवा झगा आणि तपकिरी बंडी यांची अदलाबदल होते. म्हणून रंग दोन-तीनच ठेवावेत आणि प्रत्येक रंग आपल्या वस्तूला खेटून लिहावा. आपल्याकडचा कुणी खेळाडू पात्राला दांडपट्टा देणार असेल, तर नुसत्या नावावर विसंबू नये. कोपरापर्यंत हात झाकणारी पोलादी मूठ आणि तिच्यातूनच पुढे गेलेलं लांब, सरळ, लवचिक पातं असं सगळं वर्णन करावं लागेल, आणि तरीही साधी तलवार आली तर नवल मानू नये.

भावाचंही तसंच आहे. ‘संशयी’, ‘करारी’ या शब्दांतून दर वेळी वेगळा चेहरा निघतो. ओठ मिटलेले, एक भुवई वर, नजर समोर, असं स्नायूंच्या भाषेत लिहिलं तर भाव बराच टिकतो. त्यावर घाला येतो तो दृश्याच्या भागातून. `fierce battle` लिहिलं की तोंड उघडलंच. तिथे भावना जागवणारे शब्द टाळून फक्त दिसणाऱ्या गोष्टी लिहाव्यात: धुराने भरलेलं अंगण, मागे जळणारं फाटक, पाय रोवून उभी. आणि आकृती फार लहान नसावी. 1024 पिक्सेल उंचीच्या चित्रात माणूस नखशिखांत उभा केला तर चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम सव्वाशे पिक्सेल उंची येते. त्यात भुवईची ती किंचित चढण कुठून दिसणार? दूरचं दृश्य हवंच असेल, तर नंतर चेहऱ्यापुरता भाग निवडून तेवढाच मोठ्या आकारात पुन्हा काढून घेतात. याला इनपेंटिंग म्हणतात. वाकडी कुऱ्हाडही याच पद्धतीने सुधारतात.

सीड नावाचा एक आकडा असतो. सुरुवातीचा तो ठिपक्यांचा गोंधळ कोणता घ्यायचा हे तो ठरवतो. तोच सीड दिला की तेच पात्र मिळतं, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रॉम्प्ट आणि बाकीच्या सेटिंग तशाच असतील तरच तेच चित्र पुन्हा मिळतं. दृश्य बदललं की फार तर मांडणी सारखी राहते, माणूस नाही.

चेहरा धरून ठेवायचा तर शब्दांच्या जोडीला चित्र द्यावं लागतं. साध्या करड्या पार्श्वभूमीवर, सपाट उजेडात, कुऱ्हाड पूर्ण दिसेल असं थियाचं एक चित्र निवडायचं आणि तेच संदर्भ म्हणून दर वेळी जोडायचं. मिडजर्नीच्या सातव्या आवृत्तीत त्यासाठी `--oref` आहे, आणि त्या चित्राला किती मानायचं ते `--ow` ठरवतं. न सांगता ते 100 असतं आणि 1000 पर्यंत नेता येतं. फार चढवलं तर संदर्भचित्रातला सपाट उजेडही मागोमाग येतो आणि बर्फातली थिया स्टुडिओत उभी असल्यासारखी दिसते. आहे त्या चित्रात सांगू तेवढाच बदल करणारी साधनंही 2025 मध्ये आली. त्यांत एक पथ्य पाळावं: प्रत्येक नवं दृश्य मूळ चित्रावरूनच करावं. बदललेल्या चित्रावर पुन्हा बदल करत गेलं की बारीक फरक साचत जातात आणि पाचव्या दृश्यापर्यंत बक्कलाच्या पानाचं फूल झालेलं असतं.

तपासणी एकेक चित्र बघून होत नाही. सगळी शेजारी मांडावीत आणि आधी डावं-उजवं बघावं, कारण तिथे ही साधनं हमखास गडबडतात. थियाचा व्रण डाव्या भुवईत आणि कुऱ्हाड उजव्या कमरेला आहे. दोन्ही बाजू उलटल्या असतील तर चित्र आरशासारखं फिरवलं की काम झालं. एकच उलटली असेल तर फिरवून भागत नाही, तेवढा भाग नव्याने काढावा लागतो.

हे सगळं घरच्या टेबलापुरतं. छापील पुस्तकांचा मामला वेगळा आहे. 2023 मध्ये या खेळाच्या एका अधिकृत पुस्तकातल्या चित्रांत एआयची मदत घेतल्याचं उघड झालं, तेव्हा विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशकांनी आपल्या चित्रकारांना तसं करायला मनाई केली. हयात चित्रकाराचं नाव शैली म्हणून प्रॉम्प्टमध्ये घालणं मला घरीसुद्धा पटत नाही. शिवाय ते नाव त्या चित्रकाराचे आवडते पोशाखही घेऊन येतं आणि झगा पुन्हा बदलतो.

गोष्टीतच काही बदललं, म्हणजे एखाद्या सेशनमध्ये झगा जळाला किंवा कुऱ्हाड नदीत गेली, तर दृश्याच्या भागात ‘आता झगा नाही’ असं लिहू नये. पात्राचाच भाग बदलावा, त्यावरून नवं संदर्भचित्र करावं, आणि जुना मजकूर व जुनं चित्र वेगळ्या फाइलमध्ये ठेवावं. डीएम कधी भूतकाळातला प्रसंग काढेल याचा नेम नसतो.